आपल्या नावाचं खोटं प्रोफाइल आपल्यालाच दिसत नाही तेव्हा

चवथीच्या तोंडावर डिचोलीच्या माझ्या मामेबहिणीला शेजारणीचा फोन आला, "गो, पाच हजार कशाला हवेत तुला? आणि तेही फेसबुकवर मागतेस?" बहिणीने स्वतःचं नाव शोधून पाहिलं, तर तिचं एकच प्रोफाइल दिसलं. शेजारणीच्या फोनवर मात्र दोन होती, दोन्हींवर तोच अबोली रंगाच्या साडीतला फोटो.

यात काही चमत्कार नाही. तोतया आधी खऱ्या माणसालाच ब्लॉक करतो. त्यामुळे तक्रार करायला ज्याला ते प्रोफाइल दिसतं अशा माणसाचा फोन लागतो.

रिपोर्ट करण्याआधी पुरावा घ्या, कारण प्रोफाइल उडालं की तोही हातचा जातो. शेजारणीच्या फोनवर त्या प्रोफाइलच्या तीन टिंबांवर दाबून लिंक कॉपी करा. लिंकमध्ये `profile.php?id=` नंतर लांबलचक आकडा असेल तर उत्तम. तोतयाने नाव बदललं तरी तो आकडा बदलत नाही. पैसे मागितलेल्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात यूपीआय आयडी किंवा फोन नंबर नीट दिसू द्या.

मग त्याच तीन टिंबांतून "Report profile" निवडा. पुढचे शब्द अधूनमधून बदलतात, पण कोणीतरी दुसऱ्याचं सोंग घेतलंय अशा अर्थाचाच पर्याय घ्यायचा. एखाद्या फोटोवर "स्पॅम" म्हणून केलेली तक्रार भलतीकडे जाते. सोंग कोणाचं, असं विचारल्यावर शेजारणीने "A friend" निवडलं. इथेच फसायला होतं. खऱ्या मैत्रिणीचं नाव टाकलं की यादीत दोन्ही प्रोफाइल येतात, आणि घाईत खोट्यावरच बोट पडतं. आमचंही पहिल्यांदा तेच झालं. आधी खरं प्रोफाइल उघडून त्यावरचं गाव, जुने फोटो पाहून ठेवा.

गावातल्या पन्नास जणांना रिपोर्ट करायला लावण्यात अर्थ नाही. आकड्यापेक्षा कारण बरोबर असणं महत्त्वाचं.

"नियमभंग आढळला नाही" असं उत्तर आलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सोबत लिंक आणि आपलं ओळखपत्र जोडा, आधारचे पहिले आठ आकडे झाकून. 2021 च्या आयटी नियमांत तोतयेगिरीच्या तक्रारीसाठी 24 तासांची मुदत घातली होती, त्या नियमांचा उल्लेख करा. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत `gac.gov.in` वर सरकारी समितीकडे अपील करता येतं.

कोणी पैसे पाठवलेच असतील तर रिपोर्टची वाट पाहत बसू नका. ज्याचे पैसे गेले त्याने लगेच 1930 ला फोन करावा. पैसे गेले नसले तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवता येते, किंवा रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉट घेऊन जाता येतं. आयटी कायद्याच्या कलम 66D खाली अशा फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

बहिणीने त्याच संध्याकाळी आपली फ्रेंड लिस्ट "Only me" करून टाकली. तोतयाने शेजारणीला गाठलं होतं ते त्याच यादीतून.