तेरीजपत्रक जुळत नाही? फरकाच्या आकड्यापासून चुकीपर्यंत

विद्यार्थ्याचं सोडवलेलं उदाहरण समोर आलं, तेरीजपत्रकाच्या दोन बाजू जुळत नाहीत, आणि तपासणारा पहिल्या नोंदीपासून पुन्हा सगळं सोडवायला बसतो. असं करू नका. आधी फरक काढा आणि तो वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक वही घेऊ. नावे बाजूची बेरीज १,८३,७३१ आणि जमा बाजूची १,८४,८१०, म्हणजे फरक १,०७९. आधी दोन्ही बेरजा स्वतः करून पाहा. निम्म्या वेळा घोळ तिथेच निघतो, पण इथे बेरजा बरोबर आहेत.

आता नेहमीच्या दोन युक्त्या. रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, म्हणून फरकाला २ ने भागून ती रक्कम शोधायची. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले (६३ चे ३६) तर फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. १,०७९ ला मात्र ना २ ने भाग जातो, ना ९ ने. म्हणजे चुका एकाहून जास्त असू शकतात. या युक्त्या चूक एकटी असली तरच भरवशाच्या. फरकात शेवटी असा १ कमी-जास्त दिसला की मला आधी पूर्णांकाचा संशय येतो, म्हणून मी घसारा पाहतो.

यंत्र १८,०५०, घसारा साडेसात टक्के, म्हणजे १,३५३.७५. विद्यार्थ्याने घसारा खात्यात १,३५४ लिहिले. यंत्र खात्यात मात्र दशांश सोडून देऊन १,३५३ वजा केले आणि शिल्लक १६,६९७ काढली. एकाच नोंदीच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे! नावे बाजू १ ने फुगली. रक्कम एकदाच पूर्णांकात आणायची आणि दोन्ही खात्यांत तीच लिहायची. भागीदारांत नफा वाटतानाही हेच: शेवटच्या भागीदाराला उरलेली रक्कम द्या, म्हणजे वाटणीची बेरीज नफ्याइतकीच येते.

शिल्लक १६,६९६ केली की फरक १,०८० होतो. आता याला २ नेही भाग जातो आणि ९ नेही. इथेच माणूस फसतो. निम्मे म्हणजे ५४०, आणि ५४० ची रक्कम वहीत कुठेच नाही. मग भागाकार बाजूला ठेवायचा आणि तेरीजपत्रकातली खाती एकेक करून त्यांच्या स्वभावानुसार पाहायची. मालमत्ता, खर्च, उचल, विक्री परत हे नावे. भांडवल, देणी, उत्पन्न, खरेदी परत हे जमा. 'परत' शब्दाने आणि 'सूट' शब्दाने मुलं हमखास गोंधळतात. इथे दिलेली सूट ४५० जमा बाजूला सापडली. ती खर्च आहे, जागा नावे बाजूला. हलवली की फरक ९०० ने घटतो आणि १८० उरतो.

आता एकच चूक शिल्लक असावी, तेव्हा युक्ती पुन्हा कामाची. निम्मे ९०, पण ती रक्कम कुठे नाही. १८० ला ९० ने भागलं तर २ येतात, म्हणजे शतक आणि दशकाच्या जागी २ चा फरक असलेले दोन आकडे उलटले असावेत. असं सर्वांत जास्त घडतं ते पान उलटताना. खरेदी पुस्तकाच्या पहिल्या पानाखाली 'पुढे नेले' समोर १२,८६० आहे; दुसऱ्या पानाच्या वर 'मागून आणले' समोर १२,६८०. तिथून खरेदी खात्यात १८० कमी गेले. धनकोंची खाती मात्र एकेका बिलावरून भरलेली, म्हणून ती बरोबर. दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू १,८४,३६०.

खात्याची शिल्लक खाली आणतानाही नजर ठेवा. बेरजेत कमी पडणाऱ्या बाजूला 'शिल्लक पुढे नेली' लिहितात, आणि ती विरुद्ध बाजूला खाली येते. तिथे बाजू चुकली तर तेरीजपत्रकात खातंच उलटं जातं.

जुळलं म्हणजे सुटलात असं नाही. उधार विक्रीची नोंद कोणी पूर्ण उलटी केली, ऋणको जमा आणि विक्री नावे, तर तेरीजपत्रक खुशाल जुळतं. म्हणून रोजकीर्दीतल्या नोंदी व्यवहाराच्या मूळ वाक्याशी वेगळ्या ताडून पाहाव्याच लागतात. यंत्र विकत घेतलं आणि खरेदी खातं नावे केलं, हा प्रकारही तसाच लपतो.

गुण देताना १२,६८० ची चूक एकदाच मोजा. पुढचा ढोबळ नफा त्याच्याच आकड्यावरून पुन्हा काढा; त्याच्या आकड्याने रीत बरोबर येत असेल तर त्या पायरीचे गुण कापू नका. वहीत लाल शाईने 'चूक' एवढंच लिहिण्याऐवजी त्या दोन पानांवरच्या दोन रकमांना बाणाने जोडा.