फ्रीलान्सरने अॅडव्हान्स टॅक्स काढताना क्लायंटचा टीडीएस कसा धरायचा

मी इंदूरात रामबागेत राहते, दहाएक वर्षं घरून अनुवादाचं काम करते, आणि दर जूनमध्ये कोणी ना कोणी मला सांगतंच की "क्लायंट 10 टक्के कापतो ना, मग तुझा टॅक्स भरून झाला". नाही झाला. दुसरा सल्ला, "15 मार्चला एकदम भरून टाक", तोही सगळ्यांना लागू नाही. ती सवलत बिलांच्या ठराविक टक्के नफा धरायची 44ADA कलमाची सोय घेणाऱ्यांना, म्हणजे डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, आयटीवाले वगैरेंना. अनुवादक त्या यादीत नाहीत, आपल्याला चार हप्तेच.

टीडीएस वजा करून वर्षाचा टॅक्स 10,000 किंवा जास्त निघत असेल तर तो वर्ष चालू असतानाच, अॅडव्हान्स टॅक्स म्हणून, 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण भरायचा. एवढं सोपं आहे. घोळ होतो तो टीडीएस वजा करताना, आणि मीही तिथेच फसले होते.

पहिल्या वर्षी मी बँकेचं स्टेटमेंट काढून जमा झालेल्या रकमांची बेरीज केली. 60,000 च्या बिलाचे 54,000 आले होते, मी उत्पन्न 54,000 धरलं आणि मग टॅक्समधून ते 6,000 परत वजा केले, म्हणजे एकच टीडीएस दोनदा वजा झाला. उत्पन्न पूर्ण बिलाचं, 60,000 च. कापलेले 6,000 हे तुमच्या नावाने आधीच भरलेला टॅक्स आहेत, ते फक्त शेवटी टॅक्समधून वजा करायचे.

माझ्या मावसभावाचा 2025-26 चा हिशोब बघा, न्यू रेजीमचा. बिलं 18 लाखांची, खर्च 2 लाख, नफा 16 लाख. टॅक्स 1,20,000 आणि 4 टक्के सेस धरून 1,24,800. पुण्याच्या एका क्लायंटचं 6 लाखांचं काम, तो 10 टक्के कापतो, म्हणजे 60,000. बाकीचे 12 लाख परदेशी क्लायंटचे, ते काहीच कापत नाहीत. उरले 64,800. हप्ते झाले जूनमध्ये 9,720, सप्टेंबरमध्ये 19,440, डिसेंबरमध्ये 19,440 आणि मार्चमध्ये 16,200. त्याने "टीडीएस कटतो" म्हणून काहीच भरलं नसतं आणि जुलैत रिटर्नसोबत पैसे भरले असते, तर हप्ते चुकल्याचं 234C चं व्याज 3,270 आणि वर्ष संपल्यावरही टॅक्स थकल्याचं एप्रिल ते जुलैचं 234B चं 2,592, असे जवळपास 5,900 रुपये फुकट गेले असते.

आता खरी मेख. जूनमध्ये 26AS, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचं सरकारी स्टेटमेंट, उघडलंत तर यंदाचं बहुतेक काहीच दिसणार नाही, कारण एप्रिल-जूनचं टीडीएस रिटर्न भरायला क्लायंटला 31 जुलैपर्यंत मुदत असते. म्हणून स्वतःची वही ठेवा. माझी साधी रेघांची वही आहे, बिल नंबर, बिलाची रक्कम, आलेली रक्कम, कापलेली रक्कम, एवढे चार रकाने. जूनचा हप्ता वहीवरून काढायचा, आणि सप्टेंबरचा भरण्याआधी 26AS शी एकेक ओळ जुळवायची.

माझ्या एका क्लायंटने सलग दोन बिलांवर टीडीएस कापला आणि 26AS मध्ये एकही रुपया नाही. फोन करून काही झालं नाही, मग बिल नंबर, तारीख आणि माझा पॅन लिहून त्यांच्या अकाउंट्सला मेल टाकला तेव्हा कळलं की पॅनचं एक अक्षर चुकलंय. त्यांनी करेक्शन रिटर्न भरलं आणि एंट्री आली. हे सप्टेंबरमध्ये सापडलं म्हणून निभावलं, रिटर्न भरताना सापडलं असतं तर क्रेडिट अडकलं असतं आणि वर नोटीस.

अजून एक, याबाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. क्लायंटने कापायला हवा होता पण कापला नाही, पूर्ण पैसे दिले, तर तो टीडीएस हिशोबात धरायचा नाही. कायद्यातच तसं आहे, वजा होतो तो फक्त खरंच कापलेला.

भरायचं काम पाच मिनिटांचं आहे, पोर्टलवर `e-Pay Tax`, त्यात `Advance Tax (100)`. फक्त असेसमेंट इयर नीट निवडा, 2025-26 च्या कमाईसाठी 2026-27. चलान डाउनलोड करून वहीत नंबर लिहून ठेवा.

आणि 15 मार्चनंतर एखादं मोठं बिल आलंच, तर 31 मार्चच्या आत त्याचा फरक भरून टाका, तोपर्यंत भरलेलं अॅडव्हान्स टॅक्समध्येच धरतात.