चतकोर मोठी की तिसरा भाग? अपूर्णांकाचा माझा सराव पाठ

डी.एल.एड.ला असताना साताऱ्याजवळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर अपूर्णांकाचा सराव पाठ मिळाला. टाचणात उद्दिष्ट लिहिलं, 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकाचे आकलन होते.' पाठ तपासणाऱ्या मॅडमनी लाल रेघ मारली. "आकलन झालं हे तुला दिसणार कशावरून?" मग दुसरं लिहिलं: 'अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांची विद्यार्थी पट्टीवरून तुलना करतो व कारण सांगतो.' एका तासिकेला एवढं पुरतं. त्यात बेरीज घुसडू नका.

सुरुवात भाकरीने केली. अर्धी आणि चतकोर हे शब्द पोरं घरातूनच घेऊन आलेली असतात, त्यामुळे पूर्वज्ञानाचे प्रश्न छान गेले. गाडी अडली ती तिसऱ्या भागावर. गोल कागदाची घडी घालून तीन सारखे भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. पोरांचे तुकडे लहानमोठे झाले, आणि 'समान भाग' हीच गोष्ट हातातून निसटली.

दुसऱ्या वेळी साहित्य बदललं. प्रत्येक गटाला २४ सेंटिमीटरच्या पाच पट्ट्या दिल्या. २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून भाग अनुक्रमे १२, ८, ६, ४ आणि ३ सेंटिमीटरचे पडतात. मोजपट्टीने खुणा करायच्या, कापायचं आणि प्रत्येक पट्टीचा एकेक तुकडा खालोखाल मांडायचा. मांडण्याआधी मात्र विचारायचं, "१/३ मोठा की १/४?" बहुतेकांनी १/४ सांगितलं, कारण तीनपेक्षा चार मोठे. हे उत्तर लगेच खोडू नका, फळ्यावर तसंच राहू द्या. तुकडे शेजारी ठेवल्यावर एक मुलगी म्हणाली, "वाटेकरी वाढलं की वाटा कमी येतोय की!" हेच कारण मला हवं होतं. पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात, हे मात्र इथेच बोलून घ्या, नाहीतर छोट्या भाकरीची अर्धी आणि मोठीची चतकोर यांत गोंधळ होतो.

मूल्यमापनाला १/६ आणि १/८ दिले. जवळपास सगळ्यांचं बरोबर आलं आणि मी खूश झालो. मॅडमनी मागच्या बाकावरून चिठ्ठी पाठवली: '२/३ आणि १/२ विचार.' अर्ध्याअधिक वर्गाने १/२ मोठा सांगितला. मुलांनी 'छेद मोठा तो अपूर्णांक लहान' असा नियम पाठ केला होता, अंशाकडे बघितलंच नव्हतं. तिसऱ्या भागाचे आठ-आठ सेंटिमीटरचे दोन तुकडे जोडून १६ सेंटिमीटर, आणि शेजारी अर्ध्याचे १२, असं मांडल्यावर चूक त्यांनीच पकडली.

तेव्हापासून टाचणात मूल्यमापनाच्या रकान्यात मी दोन प्रश्न लिहितो: एक शिकवलेल्या नियमात बसणारा, दुसरा तोच नियम जिथे फसतो तिथला. दुसऱ्याचे गुण धरत नाही. पुढचा पाठ कुठून सुरू करायचा, ते त्यावरून ठरवतो.