सर्व्हेचा पेपर लिहिताना वेट आणि डिझाइन इफेक्ट नेमका कसा मांडायचा

घरोघरी जाऊन केलेल्या सर्व्हेचा पेपर लिहायला बसलात म्हणजे डेटा साफ झालाय आणि वेटही काढलेत असं धरून चालतो. प्रस्तावना आणि चर्चा तुम्ही लिहालच. सगळे अडकतात ते मेथड्सच्या एका परिच्छेदात आणि पहिल्या रिझल्ट टेबलात, मीही तिथेच अडकलो होतो.

एक उदाहरण घेऊ, आकडे मी सोयीसाठी धरलेत. एका जिल्ह्यात 20 गावं आणि 20 वॉर्ड निवडले, प्रत्येकातून 25 बायकांचं रक्त तपासलं, म्हणजे एकूण 1000. पण जिल्ह्यातल्या 80 टक्के बायका खेड्यात राहतात आणि सॅम्पलमध्ये मात्र निम्म्या शहरी आल्यात. म्हणून खेड्यातल्या बाईला वेट 1.6 आणि शहरातलीला 0.4. अॅनिमिया खेड्यात 60 टक्के, शहरात 45. वेट न लावता सरासरी 52.5 येते, लावून 57. पेपरात 57 लिहायचं, इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

खरी गडबड कॉन्फिडन्स इंटरव्हलची. मी पहिल्या पेपरात एसपीएसएसमधलं साधं वेट केसेस वापरलं होतं. ते वेटला माणसांची संख्या समजतं, म्हणजे एका बाईचं वेट 400 असेल तर त्याच्या लेखी तशाच 400 बायका तपासल्या. आपल्या उदाहरणात वेट 1.6 आणि 0.4 न ठेवता सरासरी 400 ठेवलं असतं तर 1000 च्या 4 लाख झाल्या असत्या आणि इंटरव्हल आला असता 56.8 ते 57.2. माझाही असाच अरुंद आला होता, मी खूश होतो, रिव्ह्यूअरने पेपर परत पाठवला आणि त्याचं बरोबरच होतं. वेटची सरासरी 1 करून घेतली की प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतात, ते ऐकू नका. तेव्हा 53.9 ते 60.1 येतं, दिसायला ठीक वाटतं, पण तेही चूकच, कारण गावाचा हिशोब त्यात आलेलाच नसतो.

एका गावातल्या 25 बायका एकाच हापशाचं पाणी पितात, एकाच रेशन दुकानातून धान्य आणतात, त्यांचं रक्तही बरंचसं सारखं निघतं. म्हणजे पंचविसावी बाई पहिलीइतकी नवीन माहिती देत नाही. हे सारखेपण 0.05 धरलं तर 1 + 24 × 0.05, म्हणजे व्हेरिअन्स 2.2 पट होतो. त्यावर असमान वेटमुळे अजून साधारण एक तृतीयांश वाढ. दोन्ही मिळून डिझाइन इफेक्ट 2.9 च्या आसपास आणि खरा इंटरव्हल 51.6 ते 62.4. तुमच्या 1000 बायका साध्या रँडम सॅम्पलच्या सुमारे 340 बायकांएवढ्याच कामाच्या आहेत, आणि वाचकाला हे कळलंच पाहिजे.

स्टाटात एवढंच लागतं:

```
svyset gaon [pweight=wt], strata(bhag)
svy: mean anemia
estat effects
```

gaon मध्ये प्रत्येक गावाला आणि वॉर्डाला वेगळा नंबर हवा, bhag म्हणजे खेडं की शहर. शेवटच्या कमांडला DEFF आणि DEFT असे दोन आकडे येतात, आणि इथे लोक हमखास घोळ घालतात. DEFT हे DEFF चं वर्गमूळ, आपल्या उदाहरणात 1.7. एनएफएचएसच्या रिपोर्टमागच्या सॅम्पलिंग एररच्या तक्त्यात वर्गमूळवाला आकडा असतो. तो तसाच उचलून पुढच्या सर्व्हेचा सॅम्पल साइज त्याने गुणला तर सॅम्पल फार कमी पडतं, आधी त्याचा वर्ग करा. पेपरातही कुठला आकडा देताय ते नाव घेऊन लिहा.

आणि सगळ्या पेपरला मिळून एकच डिझाइन इफेक्ट देऊ नका. नळाचं पाणी गावात एक तर बहुतेकांकडे असतं नाहीतर कुणाकडेच नसतं, तिथे तो खूप मोठा येतो, वयाला अगदी लहान. प्रत्येक मुख्य आउटकमचा वेगळा द्या.

फक्त गरोदर बायकांचं टेबल करायचं असेल तर बाकीच्या ओळी डिलीट करू नका. काही गावांत त्या दिवशी एकही गरोदर बाई नसते, ओळी उडवल्या की ती गावंच डिझाइनमधून गायब होतात आणि स्टँडर्ड एरर चुकते. svy, subpop(garodar): असं लिहून चालवा.

टेबलात n वेट न लावलेला आणि टक्के वेट लावलेले, आणि हे टेबलाखाली एका ओळीत सांगा. वेट लावलेला n छापला की 500 शहरी बायकांच्या 200 दिसतात आणि खरंच किती जणी तपासल्या ते कुणाला कळत नाही.

मेथड्समध्ये मी साधारण असं लिहितो: जिल्हा ग्रामीण आणि शहरी अशा दोन स्तरांत विभागला, प्रत्येकातून 20 क्लस्टर लोकसंख्येच्या प्रमाणात आणि प्रत्येक क्लस्टरमधून 25 घरं रँडम निवडली, घरातून एक बाई रँडम घेतली, वेट म्हणजे निवडीच्या शक्यतेचा व्यस्त आणि त्यात प्रतिसाद न देणाऱ्यांची दुरुस्ती, स्टँडर्ड एरर क्लस्टर आणि स्तर धरून काढली. प्रतिसादाची दुरुस्ती गावनिहाय केली की स्तरनिहाय हेही लिहा, रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारतात.