दोन हातांच्या तलवारीचे खरे वजन

पडद्यावरचा नायक दोन हातांची तलवार घण उचलल्यासारखी डोक्यावर नेतो आणि वार चुकला की ती जमिनीत रुतते. कल्पनारम्य कथा लिहिताना हे दृश्य उचलू नये. सोळाव्या शतकातील जर्मन भाडोत्री सैनिकांची मोठी तलवार जवळजवळ माणसाच्या उंचीची असली, तरी लढाईतल्या तलवारीचे वजन साधारण 2 ते 3.5 किलो असे. याहून बऱ्याच जड तलवारी संग्रहालयांत दिसतात, पण त्यांतील अनेक केवळ मिरवणुकीसाठी घडवलेल्या होत्या. लढाईतल्या तलवारीची मूठ लांब असल्यामुळे वरचा हात टेकू देतो, खालचा हात मुठीचे टोक ओढतो आणि पाते तरफेसारखे झपकन वळते. मात्र एकदा गती घेतलेले पाते अडवणे दमवणारे असते, म्हणून जाणता लढवय्या वार न थांबवता त्याच वेगातून पुढचा वार काढतो. शत्रू अंगाशी आला, तर लढवय्या एक हात मुठीपुढच्या बोथट, बहुधा चामडे गुंडाळलेल्या भागावर सरकवतो आणि तलवार आखूड भाल्यासारखी खुपसतो. प्रवासात ती खांद्यावर टाकलेली दाखवावी. एवढे लांब पाते पाठीवरच्या म्यानातून उपसायला हातच पुरणार नाही.