वूकॉमर्सचा ऑर्डर डॅशबोर्ड दुकानातल्या माणसांना कसा शिकवावा

समजा, मसाल्यांचं दुकान आहे. काउंटरवर दोघं, मागे पॅकिंगला एक जण. आतापर्यंत ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर यायच्या, वहीत लिहिल्या जायच्या. आता वूकॉमर्सवर नवी साइट तयार झाली आहे आणि पैसे रेझरपेवरून येणार आहेत. साइट बनवणारा मुलगा तासाभरात सगळे मेनू दाखवून जातो, सगळे मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिली ऑर्डर आली की प्रश्न पडतो: ही पॅक करायची की नाही?

असं होतं, कारण शिकवणी मेनूच्या क्रमाने झालेली असते. दुकानातल्या माणसाला मेनू पाठ करायचे नसतात. आपण एक बटण दाबलं की ग्राहकाला मेल जातो का, साठा कमी-जास्त होतो का आणि पैसे हलतात का, एवढं त्याला आधीच सांगता आलं पाहिजे. पुढची आखणी याच तीन प्रश्नांभोवती आहे. तासाभराच्या तीन बैठका आणि त्यानंतर आठवडाभर देखरेखीत खरं काम, एवढं पुरतं. तिन्ही बैठका एकाच दिवशी उरकू नका. का, ते पहिल्या बैठकीतच दिसेल.

आधीची तयारी

खऱ्या साइटवर सराव करायचा नाही. बहुतेक होस्टिंगवाले साइटची सरावासाठी वेगळी प्रत करून देतात, ती मागून घ्या. पण त्या प्रतीत जुन्या ऑर्डरी, खऱ्या ग्राहकांचे पत्ते आणि पैशांची खरी जोडणीही येऊ शकते. तिथल्या जुन्या ऑर्डरीवर कोणी गमतीत बटण दाबलं तर खऱ्या माणसाला खरा मेल जाईल, कदाचित खरे पैसेही परत जातील. म्हणून प्रतीतली रेझरपेची किल्ली `rzp_test_` ने सुरू होते का ते स्वतः बघा. `rzp_live_` दिसली तर ती बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सराव फक्त स्वतःच्या मेलवर टाकलेल्या नव्या ऑर्डरींवर करा. जुन्या ऑर्डरी प्रतीतून काढूनच टाकलेल्या बऱ्या.

दुसरं म्हणजे प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. सगळ्यांनी मालकाच्या पासवर्डने आत जायची सवय दुकानांत फार. मग स्टेटस कोणी बदललं हे कधीच कळत नाही. प्रत्येकाला `Shop manager` ही भूमिका द्या. स्टेटस हाताने बदललं की ऑर्डरीच्या उजव्या बाजूच्या `Order notes` मध्ये बदलणाऱ्याच्या नावासकट नोंद होते. मात्र या भूमिकेला किमती आणि वूकॉमर्सच्या सेटिंग्जही बदलता येतात. तेव्हा तिकडे जायचं नाही, हे तोंडी स्पष्ट सांगा.

पहिली बैठक: फक्त वाचायचं

या दिवशी कोणी काहीही बदलणार नाही. शिकवणाऱ्याने आधीच सरावाच्या चार ऑर्डरी टाकून ठेवाव्यात. पहिलीचे पैसे नेटबँकिंगने भरायचे. चाचणीच्या किल्लीवर रेझरपे खऱ्या बँकेऐवजी यश आणि अपयश अशी दोन बटणं असलेलं पान दाखवतं, त्यातलं यशाचं दाबायचं. दुसरी कॅश ऑन डिलिव्हरी, तिसरी थेट बँक ट्रान्सफरची. चौथीत पैशांच्या पानापर्यंत जाऊन खिडकी बंद करायची.

आता `WooCommerce` मधलं `Orders` पान उघडा आणि एकच प्रश्न विचारा: यातल्या कोणत्या ऑर्डरी पॅक करायच्या?

पहिल्या दोन `Processing` मध्ये दिसतील, त्या करायच्या. यात एक खाच आहे. `Processing` म्हणजे पैसे आले, असं बहुतेक जण धरून चालतात. पण कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर एक रुपयाही न येता त्याच स्टेटसला येते. तेव्हा ऑर्डर उघडून पैसे कशाने भरले ती ओळ वाचायची सवय इथेच लावा, नाहीतर पार्सलवर वसुलीची रक्कम टाकायची राहून जाते. बँक ट्रान्सफरची ऑर्डर `On hold` मध्ये असते. साठा तिच्यासाठी बाजूला निघालेला असतो, पण पैसे खात्यात आले का ते माणसाने बघायचं असतं. अर्धवट सोडलेली ऑर्डर `Pending payment` मध्ये असते, तिला हात लावायचा नाही.

साठ्याची नोंद चालू असेल, तर ही चौथी ऑर्डर दुसऱ्या बैठकीपर्यंत आपोआप `Cancelled` झालेली दिसेल. न भरलेल्या ऑर्डरीसाठी साठा किती वेळ राखायचा याची मर्यादा सेटिंग्जमध्ये असते, मुळात ती ६० मिनिटांची. ‘ऑर्डर कोणी रद्द केली?’ यावरून दुकानात उगाच वाद होतो. म्हणून हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं, आणि बैठका वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या त्या यासाठीच.

दुसरी बैठक: पाठवणी

वूकॉमर्सच्या मूळ यादीत ‘पाठवली’ असं स्टेटस नाही. `Processing` नंतर थेट `Completed`. ते केव्हा करायचं, हा दुकानाचा नियम हवा आणि तो एकच हवा. माझं मत: कुरियरची पावती हातात आल्यावर, त्याआधी नाही. `Completed` केलं की त्याच क्षणी ग्राहकाला मेल जातो. खोकं अजून टेबलावर असताना तो गेला, तर संध्याकाळी ‘पार्सल कुठंय?’ असा फोन आलाच म्हणून समजा.

सराव असा. एक ऑर्डर उघडा. `Order notes` खालच्या चौकटीत कुरियरचा क्रमांक लिहा. शेजारच्या यादीतून `Note to customer` निवडा आणि `Add` दाबा. मग स्टेटस `Completed` करून `Update` दाबा. आता सरावाचा मेलबॉक्स उघडून दोन मेल आले का ते बघा. लगेच दुसरी नोंद लिहा, ‘गिऱ्हाईक कटकट करतंय, जपून’, आणि ती `Private note` म्हणून टाका. या वेळी मेल येता कामा नये. या दोन पर्यायांत गल्लत झाली की आपापसातला शेरा ग्राहकाच्या मेलमध्ये जाऊन पडतो, आणि गेलेला मेल परत घेता येत नाही. म्हणून मला वाटतं, खासगी नोंदीतही असं काही लिहूच नये जे ग्राहकाने वाचलेलं चालणार नाही.

या टप्प्यावर दोन चुका हमखास होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. ऑर्डरीच्या आत स्टेटस बदलून `Update` न दाबताच मंडळी पान सोडतात, आणि बदल झालाच नाही हे त्यांना कळत नाही. उलट यादीतल्या डोळ्याच्या चिन्हावरून उघडणाऱ्या छोट्या खिडकीत स्टेटस बदलायची बटणं असतात. तिथे `Update` वगैरे काही नसतं, दाबलं की झालं. नुसतं बघायला गेलेला माणूस ऑर्डर पूर्ण करून बसतो. मोबाइलवरून काम करणाऱ्यांना हे मुद्दाम दाखवा.

तिसरी बैठक: पैसे परत

इथे घाई नको. एकच उदाहरण शेवटपर्यंत न्या.

ग्राहकाने गोडा मसाल्याची दोन पाकिटं प्रत्येकी १८० रुपयांना आणि कांदा-लसूण मसाल्याचं एक १५० रुपयांना घेतलं. पाठवणीचे ६० धरून ५७० रुपये रेझरपेने भरले. ऑर्डर `Processing` मध्ये आहे. फोन येतो: कांदा-लसूण नको, बाकीचं पाठवा.

पहिल्यांदा हात जातो तो ऑर्डरीतून ती वस्तू काढायला. ते जमत नाही, कारण पैसे भरलेली ऑर्डर संपादनाला बंद असते. मग कोणीतरी स्टेटस मागे `Pending payment` ला नेऊन वस्तू काढतो. बेरीज ४२० दिसते, पण ग्राहकाचे १५० आपल्याकडेच राहतात आणि हिशोबात ते कुठेच दिसत नाहीत.

बरोबर रीत अशी. वस्तूंच्या यादीखालचं `Refund` दाबा. कांदा-लसूणच्या ओळीत संख्या १ टाका, रक्कम १५० आपोआप भरली जाते. पाठवणीची ओळ तशीच ठेवा. पाकीट अजून कपाटात आहे, म्हणून `Restock refunded items` वरची खूण राहू द्या. कारण लिहा. आता खाली दोन बटणं दिसतील. एकावर रेझरपेचं नाव असेल, दुसऱ्यावर `manually`. पैसे फक्त पहिल्याने जातात. दुसरं बटण नुसती नोंद करतं, ते तुम्ही रोख किंवा दुसऱ्या मार्गाने पैसे परत दिले असतील तेव्हाचं. स्क्रीनवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो, म्हणून ही चूक ग्राहकाचा दुसरा फोन येईपर्यंत लक्षात येत नाही. तपासायचं असेल तर रेझरपेच्या डॅशबोर्डवर परताव्याची नोंद आहे का ते बघा. असेल तर ग्राहकाला सांगा, रक्कम खात्यात दिसायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात.

असाच फसवणारा दुसरा रस्ता म्हणजे स्टेटसच्या यादीतून थेट `Refunded` निवडणं. ऑर्डर पूर्ण परत केल्याची नोंद होते, पैसे मात्र जागचे हलत नाहीत. ती निवड हाताने करायचीच नाही, असा नियम ठेवा.

पहिला आठवडा

खऱ्या साइटवर काम सुरू झालं की आठवडाभर एक पद्धत पाळा. बटण दाबण्याआधी माणसाने शेजारच्याला सांगायचं: मेल जाणार की नाही, साठा बदलणार की नाही, पैसे हलणार की नाही. उत्तर अडलं तर बटण दाबायचं नाही. दुकान बंद करताना दिवसभराच्या ऑर्डरींच्या नोंदी चाळा. `Completed` वरून परत `Processing` असे मागे-पुढे उड्या मारलेले दिसले, तर तिथे कोणीतरी गोंधळलं आहे.

या आठवड्यात एक फोन बहुधा येईलच: पैसे कापले गेले, पण ऑर्डर लागली नाही. ग्राहक स्क्रीनशॉट पाठवतो. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून ऑर्डर `Processing` करू नका. ग्राहकाच्या फोन नंबरवरून ऑर्डर शोधा, ती बहुधा `Pending payment` मध्ये असेल. मग रेझरपेकडे ते पेमेंट `captured` झालंय का ते पाहा. झालं असेल तरच ऑर्डर पुढे न्या आणि पेमेंटचा आयडी खासगी नोंदीत लिहून ठेवा. असे फोन वारंवार येऊ लागले तर दोष माणसांचा नाही. रेझरपेकडून साइटला निरोप देणारा वेबहूक नीट जोडलेला नसतो, आणि ते काम साइट बनवणाऱ्याचं.

कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की ऑर्डर `Cancelled` करायची, साठा आपोआप वाढतो. पण आधी खोकं उघडून बघा. पाकीट फुटलेलं असेल तर वाढलेला आकडा हाताने कमी करावा लागतो, नाहीतर साइट नसलेला माल विकत राहते. परताव्याचं बटण दाबण्याचं काम पहिला महिनाभर एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांनी त्याला ऑर्डर क्रमांक आणि रक्कम कागदावर लिहून द्यायची.