फिटरची ट्रेड टेस्ट: दुसरा खांदा घाईने कापू नका

फिटरच्या ट्रेड टेस्टला बसणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. प्रॅक्टिकलला आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला प्रत्येकी ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. थिअरीत कितीही मिळवले तरी प्रॅक्टिकलमधली तूट भरून निघत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी परीक्षेच्या आधीचा महिना मुलं प्रश्नसंच पाठ करण्यात घालवतात. मला हे अजिबात पटत नाही. तो महिना व्हाइससमोर उभं राहण्याचा आहे.

परीक्षेत बहुतेक वेळा मेल-फिमेल फिटिंगचा जॉब येतो आणि मुलं त्यात एका ठरावीक जागी अडकतात. सरावात माझा जॉबही तिथेच अडला होता, म्हणून ती जागा नीट उलगडून सांगते.

समजा ६० मिलिमीटर रुंद ठोकळ्याच्या बरोबर मध्यभागी २४ मिलिमीटरची जीभ काढायची आहे. दोन्ही बाजूंना १८-१८ चे खांदे कापावे लागणार. मार्किंग झालं की हात शिवशिवतात आणि दोन्ही खांदे हॅकसॉने एकदमच कापले जातात. मग जीभ फाईल करून २४ वर आणली जाते, मायक्रोमीटर २४.०० दाखवतो आणि सगळं जमल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात जीभ मध्यापासून दशांश मिलिमीटरने सरकलेली असते. ती फिमेलमध्ये एका बाजूने बसते, पण मेल उलटा करून घातला की बाहेरच्या कडा एका पातळीत राहत नाहीत. परीक्षक उलटा घालून बघतातच. ०.०४ मिलिमीटरच्या टॉलरन्समध्ये ही चूक लपत नाही आणि तोवर धातू निघून गेलेला असल्याने दुरुस्तीही होत नाही.

म्हणून आधी एकच खांदा कापा. दुसरी बाजू अख्खी असेपर्यंत तिची बाहेरची कड हाच तुमचा आधार असतो. त्या कडेपासून जिभेच्या तयार झालेल्या बाजूपर्यंतचं माप ६० आणि २४ ची बेरीज भागिले दोन, म्हणजे ४२ यायला हवं. पण ठोकळा फाईल करून झाल्यावर नेमका ६० क्वचितच उरतो. तो ५९.९६ भरला असेल तर ४२ धरून चालणार नाही. ५९.९६ आणि २४ ची बेरीज भागिले दोन, म्हणजे ४१.९८ धरा. ड्रॉइंगवरचा आकडा नाही, हातातल्या जॉबचा आकडा घ्या. हे माप २५ ते ५० च्या मायक्रोमीटरने घ्यायचं, त्याचं शून्य आधी तपासून. ते बरोबर आलं की मगच दुसरा खांदा कापा आणि जिभेची जाडी थेट २४ वर आणा. आता ती मध्यभागीच असेल.

फिमेलही याच हिशोबाने होतो. खाचेच्या दोन्ही भिंतींची जाडी बाहेरून मायक्रोमीटरने मोजता येते. दोन्ही सारख्या ठेवा, पण सुरुवातीला अंगाला किंचित जास्त राहू द्या. शेवटचं फाईलचं काम मेल घालून बघत बघतच करायचं, कारण बाहेरचं माप भरवशाने घेता येतं तसं आतलं घेता येत नाही. म्हणून मेल आधी पूर्ण करायचा.

मेल अर्ध्यावर अडकला की मुलं खाच रुंद करायला घेतात. थांबा. मेलला प्रशियन ब्लू अगदी पातळ लावा, हलक्या हाताने आत घाला आणि बाहेर काढून डाग कुठे पडलेत ते बघा. डाग फक्त आतल्या कोपऱ्यात असतील तर दोष रुंदीचा नाही. फाईलने कोपऱ्यात बारीक गोलाई राहिली आहे आणि मेलची धारदार कड तिच्यावर टेकते आहे. तेवढा कोपराच साफ करा. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याला रिलीफचं भोक दाखवलं असेल तर ते मार्किंगनंतर लगेच पाडून घ्या. ड्रिलिंगचं सगळंच काम सकाळी उरका. कोकणात भर पावसात परीक्षा आली आणि दुपारी वीज गेली, तर फाईल चालते, ड्रिलिंग मशीन नाही. आणखी एक आपल्याकडची गोष्ट: खाऱ्या दमट हवेत घामाचा हात लागलेला फिनिश केलेला पृष्ठभाग बघता बघता तांबूस पडतो. कापडाला तेल लावून जवळ ठेवा, पण मापाआधी जॉब आणि सरफेस प्लेट कोरडी पुसून घ्या.

एवढं वाचून धास्तावू नका. ही कामं तीन-चार वेळा करून पाहिलेला हात परीक्षेत सहसा चुकत नाही. मात्र शॉर्टकट दाखवणाऱ्या सीनियरपेक्षा, ट्राय स्क्वेअर उजेडाकडे धरून जॉब परत पाठवणाऱ्या सरांकडेच जा. तेव्हा राग येतो, तरी जा.

थिअरी आता कॉम्प्युटरवर होते, पर्यायी प्रश्नांची. भारत स्किल्सच्या साईटवर प्रश्नपेढी फुकट मिळते. ती वाचा, पण वर्कशॉप कॅल्क्युलेशनची गणितं वहीत सोडवा. वरचा ४१.९८ चा हिशोबही तिथलाच आहे.

आता दुसरी अडचण, आणि ती हाताच्या कसबाने सुटत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. प्रवेशाच्या वेळी यातलं काहीतरी वेगळं टाइप होतं. माझ्या नोंदीत वडिलांच्या नावाचं एक अक्षर वेगळं पडलं होतं. पास झाले, प्रमाणपत्र निघालं आणि अप्रेंटिसशिपच्या कागदपत्र तपासणीत अर्ज तिथेच अडला. दुरुस्ती झाली, पण तोवर ती भरती संपून गेली होती. हॉल तिकीट हातात आल्याबरोबर तुमचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख ही सगळी माहिती गुणपत्रिकेशी अक्षरागणिक ताडून बघा. फरक दिसला तर त्याच दिवशी संस्थेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रमाणपत्र तयार होण्याआधी हे काम सोपं असतं. नंतर पुरावे जोडून संस्थेमार्फत वर पाठवावं लागतं. आधारमध्येच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, कारण अप्रेंटिसशिप पोर्टलवरची नोंदणी आधारवर चालते.

राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, आता डिजिटल मिळतं. डाउनलोड झाल्यावर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून माहिती उघडते का, ते स्वतः तपासा.

लोटे, महाड, रोहा इथल्या केमिकल कारखान्यांत पंप, व्हॉल्व्ह आणि पाइपलाइनच्या देखभालीला फिटर लागतो. मुंबईत माझगाव डॉकही ट्रेड अप्रेंटिस घेतं. कुठेही रुजू होताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा: पोर्टलवर माझा करार होणार आहे का? 'ट्रेनी' म्हणून वर्षभर राबवून शेवटी लेटरहेडवर अनुभवाचा दाखला देणारे लोक आहेत. त्या दाखल्याने अप्रेंटिसच्या ट्रेड टेस्टला बसता येत नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी, मिळत नाही. करार ॲप्रेंटिसेस कायदा, १९६१ खाली होतो आणि त्याला क्रमांक असतो. पहिल्याच आठवड्यात पोर्टलवर लॉगिन करून तो क्रमांक, ट्रेडचं नाव आणि सुरुवातीची व शेवटची तारीख बघून घ्या. ट्रेडच्या जागी फिटरऐवजी दुसरं काही लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधीच बोला.